चढताना कळी

आधी कविताच देते. तमिळमध्ये ती अशी आहे:

एरुगैयिल् मोट्टु.
एन्द ऊरिल् पूत्तदु मुल्लै?
इरुळिल् पनैगळ्.

आणि मराठीत साधारण अशी:

चढताना कळी.
कोणत्या गावी उमलली जुई?
अंधारात ताड.

तमिळमध्ये आठ शब्द, मराठीतही आठच. कवितेत गाडी नाही, रूळ नाहीत, खिडकी नाही. प्रवासाला तमिळमध्ये 'पयणम्' म्हणतात, तो शब्दही नाही. तरी चेन्नईतल्या आमच्या लहानशा वर्गात ती वाचली, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणीही 'ही कशाची कविता?' असं विचारलं नाही. ही गाडीची कविता आहे आणि गाडी लांबची आहे, एवढं सगळ्यांना कळलं होतं. हे कसं होतं, तेच इथे लिहायचं आहे. कविता माझ्या नावावर असली तरी तिला छिन्नी लावणारे हात पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे दोन हजार वर्षांपूर्वीचे.

आमचा वर्ग म्हणजे एका सोसायटीच्या गच्चीवर संध्याकाळी जमणारी सहा-सात माणसं. शिकवणारे अय्या पाळयंकोट्टैच्या शाळेतून तमिळचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे चेन्नईला आले. वर्गात मी एकटीच मराठी. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, भाजीवाल्याशी बोलता यावं म्हणून तमिळ शिकले आणि मग ती भाषा मला सोडेना. अय्या सगळ्यांना अहो-जाहो करतात, बायकांना 'अम्मा' म्हणतात आणि चूक काढताना आवाज आणखी खाली आणतात.

एकदा त्यांनी विषय दिला: लांबचा रेल्वेप्रवास. अट एकच, शब्द थोडे आणि सांगणं कमी. पुढच्या वेळी सगळ्यांनी काही ना काही लिहून आणलं. त्या कागदांमध्ये एक गोष्ट समान होती. प्रत्येकाने गाडी पळवली होती. चाकांचा आवाज होता, मागे धावणारी झाडं होती, चहावाला होता, आणि शेवटच्या ओळीत आयुष्य म्हणजेही एक प्रवास होता. अय्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यातली कुठली ओळ फक्त तुमच्याच गाडीत बसलेल्या माणसाला लिहिता आली असती?" कुणालाच तशी ओळ दाखवता येईना. चाकांचा आवाज जगातल्या सगळ्या गाड्यांना असतो.

मग त्यांनी आम्हाला एक खरी गाडी निवडायला लावली. आम्ही गुरुवायूर एक्सप्रेस घेतली, कारण ती सकाळी चेन्नईच्या एग्मोर स्टेशनहून सुटते आणि दिवसाढवळ्या अर्धा तमिळनाडू ओलांडते. एग्मोर ते तिरुनेल्वेली हे अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. सकाळी चेंगलपट्टूच्या आधी रुळांना लागून कोलवाय तळं येतं. दुपारच्या उन्हात विळुप्पुरम आणि विरुदाचलम मागे पडतं, मग चुनखडीच्या खाणींचा आणि सिमेंटच्या कारखान्यांचा अरियलूरचा कोरडा पट्टा लागतो. लालगुडी आलं की चित्र एकदम पालटतं. भात, केळी, पाटाचं पाणी. कोळ्ळिडमचा पूल, श्रीरंगम, कावेरीचा पूल आणि तिरुच्चि. पुढे मणप्पारैला चकलीसारखे मुरुक्कु विकायला येतात. दिंडिगलनंतर कोडै रोडच्या आसपास एका बाजूला सिरुमलै आणि दुसऱ्या बाजूला पळनीचे डोंगर गाडीच्या जवळ येतात. मदुरैपर्यंत दिवस कलतो. विरुदुनगर, सात्तूर, कोविलपट्टी हा काळ्या मातीचा भाग आहे, त्याला इथे 'करिसल' म्हणतात. पण या गाडीने जाणाऱ्याला तो दिसतो तो अंधारातच.

ही यादी मी हौसेने दिलेली नाही. जुन्या तमिळ कवितेत जमीन पाच प्रकारची असते आणि या एका रेल्वेमार्गावर त्यातल्या बहुतेक भेटतात. डोंगर म्हणजे कुरिंजि. रान आणि गायरान म्हणजे मुल्लै. भातशेती म्हणजे मरुदम्. समुद्रकिनारा म्हणजे नेय्दल्. कोरडा, ओसाड मुलूख म्हणजे पालै. पहिल्या चार नावांची फुलं किंवा झाडं त्या त्या जमिनीत उगवतात, म्हणून ती नावं. या प्रत्येक जमिनीला 'तिणै' म्हणतात. प्रत्येक तिणैला स्वतःची वेळ, ऋतू, पक्षी, झाडं, कामधंदे आहेत, आणि प्रेमाची एक विशिष्ट अवस्थाही आहे. कुरिंजि म्हणजे मीलन, मध्यरात्र. मुल्लै म्हणजे वाट पाहणं, संध्याकाळ, पावसाळा. मरुदम् म्हणजे रुसवा. नेय्दल् म्हणजे झुरणं. पालै म्हणजे ताटातूट आणि भर दुपार. त्यामुळे कवीने जुईचं फूल नुसतं दाखवलं, तरी ऐकणाऱ्याला कळतं की कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत आहे. भावना सांगावी लागत नाही, ती जमिनीतूनच उगवून येते.

थोड्या शब्दांत पुष्कळ कसं मावतं, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे. कवितेआधी शेकडो कवींनी मिळून एक करार केलेला आहे. तो पाळला की प्रत्येक शब्द आपल्याबरोबर अख्खा मुलूख घेऊन येतो.

मात्र हा करार वर्गातल्या एका मुलाने अगदी शब्दशः पाळला. त्याने पाच ओळींची कविता केली आणि प्रत्येक ओळीत एक तिणै, गाडी जाईल त्या क्रमाने घातली. अरियलूरला पालै, लालगुडीला मरुदम्, कोडै रोडला कुरिंजि. ऐकायला गोड होती. अय्या म्हणाले, "तंबी, हे वेळापत्रक आहे. पाचही तिणै भेटल्या, पण माणूस कुठे भेटला?" त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. तिणै बाहेर दिसते म्हणून कवितेत घ्यायची नसते. आत जे घडत आहे, त्याला लागणारी तिणै घ्यायची असते, मग ती बाहेर दिसो वा न दिसो.

ते नीट समजावं म्हणून त्यांनी आमच्यापुढे 'कुरुन्दोगै'तली सातवी कविता ठेवली. 'कुरुन्दोगै' म्हणजे लहान कवितांचा संग्रह. त्यात चारशेएक कविता आहेत आणि बहुतेक चार ते आठ ओळींच्या. सातवी कविता पेरुम्पदुमनार् नावाच्या कवीची, सहा ओळींची, आणि पूर्णपणे रस्त्यावरची. सुरुवात अशी:

विल्लोन् कालन कऴले, तोडियोळ्
मेल्लडि मेलवुम् सिलम्बे

धनुष्य घेतलेल्या त्याच्या पायात 'कऴल्' आहे, बांगड्या घातलेल्या तिच्या कोवळ्या पावलांवर 'सिलम्बु' आहे. पुढे बोलणारा विचारतो, ही भली माणसं आहेत तरी कोण? बिचारी! आणि मग ती कुठे निघाली आहेत ते सांगतो. बांबूंनी गच्च भरलेल्या रानात, जिथे वाऱ्याने 'वागै'च्या पांढऱ्या वाळक्या शेंगा वाजत आहेत. कशा वाजत आहेत? आर्यांचे डोंबारी दोरीवर खेळ करतात, त्या वेळी वाजणाऱ्या ढोलासारख्या.

संपली कविता. आता यात काय काय दडलं आहे बघा. कऴल् हा वीराच्या पायातला अलंकार, म्हणजे तो लढवय्या. सिलम्बु हा मुलीच्या पायातला पोकळ, वाजणारा वाळा. त्या काळी लग्नाआधी तो विधिपूर्वक काढत. तिच्या पायात तो अजून आहे, म्हणजे लग्न झालेलं नाही, म्हणजे दोघं पळून निघाली आहेत. हे सगळं फक्त पायांकडे बघून कळलं. चेहरे दिसतच नाहीत. रस्त्यावरचा परका माणूस खरोखर एवढंच पाहतो, खाली मान घालून चाललेल्या दोघांचे पाय. वागै म्हणजे आपला शिरीष. उन्हाळ्यात शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा खुळखुळाट ज्याने ऐकला आहे, त्याला त्या रानाचा कोरडेपणा वेगळा सांगावा लागत नाही. आणि दोरीवरचा खेळ! कवी उपमा शेंगांच्या आवाजाला देतो, पण दोरीवर तोल सांभाळत चाललेली माणसं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि ती त्या दोघांवर जाऊन बसतात. हे कवीने म्हटलेलं नाही. उपमा एका गोष्टीला द्यायची आणि ती लागू पडायची दुसरीला, ही या कवितांची जुनी रीत आहे.

कविता बोलणारा त्या दोघांचा कुणी लागत नाही. कवितेखालच्या जुन्या टीपेत अशा बोलणाऱ्याला 'कण्डोर्' म्हणतात, म्हणजे 'ज्यांनी पाहिलं ते'. वाटेत भेटलेले लोक. त्यांना नावं ठाऊक नाहीत, गोष्टीचं आधीचं ठाऊक नाही, पुढचं कधी कळणार नाही. मला वाटतं, रेल्वेच्या डब्यात समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाची जागा नेमकी हीच आहे. रेल्वे येण्याच्या कितीतरी शतकं आधी तमिळ कवितेने सहप्रवाशासाठी एक जागा राखून ठेवली होती. त्या नियमांचा दुसरा भागही इथे कामाला येतो. 'तोल्काप्पियम्' या प्राचीन ग्रंथात सांगितलं आहे की प्रेमाच्या कवितेत कुणा एका माणसाचं नाव घ्यायचं नाही. नाव आलं की ती त्याची गोष्ट होते आणि बाकीच्यांना बाहेर बसावं लागतं. डब्यात आपण तासन्‌तास समोरासमोर बसतो, डबा उघडून खाऊ देतो, आणि नाव न विचारताच उतरतो.

मराठी वाचकाला हे सगळं अगदीच परकं वाटू नये. आपल्याकडे महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' आहे. तिच्यातही दोन ओळींत गाव, पाऊस, दारात उभी बाई आणि परगावी गेलेला पथिक असतो, आणि बोलणारं कुणी तिसरंच असतं. या दोन परंपरांमधल्या साम्यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. अय्यांना मी काही गाथांचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "यात कोणतं झाड आहे?" त्यांचा प्रश्न नेहमी झाडापासून सुरू होतो.

तर मी झाडापासून सुरुवात केली. गाडीने तिरुनेल्वेलीला जाताना समोर एक तरुण बाई बसली होती. तिला पोहोचवायला आलेल्या बाईंनी, बहुधा आईनेच, गाडी सुटायच्या आधी खिडकीतून हात घालून तिच्या केसांत सर माळला होता. इथे सकाळी जो सर विकतात, तो कळ्यांचा असतो. पहाटे कळ्या तोडतात, दोऱ्यात गुंफतात, आणि त्या संध्याकाळी उमलतात. सकाळी घेतलेला सर हा संध्याकाळसाठी घेतलेला असतो. दिंडिगल आणि मदुरैच्या मध्ये कधीतरी डब्यात वास आला. मी पाहिलं तेव्हा फुलं उमललेली होती, आणि ती बाई झोपली होती. नक्की कधी उमलली ते तिने पाहिलं नाही, मीही नाही. कळी एका गावात होती, फूल दुसऱ्याच गावात होतं, आणि मधली सगळी गावं निघून गेली होती.

एवढं मिळाल्यावर कविता मिळाल्यासारखं वाटलं, पण तिचा पहिला खर्डा एकोणीस शब्दांचा होता. त्यात आईचा हात होता, खिडकीचे गज होते, वास होता, झोपलेली बाई होती, आणि 'आठवण' या अर्थाचा 'निनैवु' हा शब्द होता. पुढच्या काही आठवड्यांत गच्चीवर तो एकेक शब्दाने कमी होत गेला.

सगळ्यात आधी 'निनैवु' गेला. अय्यांची कसोटी अशी: भावनेचं नाव असलेला शब्द बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. झाकूनही भावना शिल्लक राहिली, तर तो शब्द नको. राहिली नाही, तर मुळात चित्रच चुकलं आहे, आणि मग शब्द ठेवूनही उपयोग नाही. म्हणजे दोन्हीकडून तो शब्द जातोच. याच कसोटीने 'पयणम्' गेला. मग 'पोल' गेला, म्हणजे आपलं 'सारखं'. एका ओळीत मी फुलाला कशासारखं तरी म्हटलं होतं. ते काढल्यावर फूल जास्त ठसठशीत दिसू लागलं.

आईचा हात काढताना मात्र मला जड गेलं. तो मी डोळ्यांनी पाहिला होता. पण वर्गातल्या एकाने दाखवून दिलं की 'चढताना कळी' म्हटलं की ती कळी कुणीतरी दिलेली आहे, हे आपोआप येतं. फलाटावर कुणी स्वतःसाठी एवढ्या हौसेने फूल बघत नाही. हात शब्दात आला की तो एकाच आईचा होतो. न आला तर नवऱ्याचा, बहिणीचा, कुणाचाही होऊ शकतो.

फूल कोणतं, यावरही बराच खल झाला. खरं सांगायचं तर त्या दिवशीचा सर मोगऱ्याचा होता. मोगऱ्याला तमिळमध्ये 'मल्लि' म्हणतात आणि मदुरैचा मल्लि सगळीकडे प्रसिद्ध. खऱ्याशी इमान राखायचं तर 'मल्लि' लिहायला हवं होतं. पण मुल्लै, म्हणजे जुई, हीच वाट पाहण्याची तिणै. अय्यांनी त्या वेळी 'कुरुन्दोगै'तलीच आणखी एक कविता म्हणून दाखवली, दोनशे चौतिसावी. तिच्यात विरहिणी म्हणते: सूर्य मावळतो, आकाश लाल होतं, मुल्लै उमलते, त्याला संध्याकाळ म्हणणारे लोक चुकले आहेत. तुरेवाला कोंबडा आरवतो ती पहाटही संध्याकाळच, दिवससुद्धा संध्याकाळच, ज्यांना सोबत नाही त्यांच्यासाठी. मूळचे शेवटचे शब्द आहेत 'पगलुम् मालै तुणैयिलोर्क्के'. ते ऐकल्यावर मोगरा सोडायला मी तयार झाले. जुई उमलणं म्हणजे संध्याकाळ होणं, हे ज्या भाषेत इतकं पक्कं रुजलं आहे, तिथे 'मुल्लै कोणत्या गावी उमलली?' हा प्रश्न फुलाबद्दलचा राहतच नाही. संध्याकाळ कुठे झाली? सोबत कुठे संपली? हे दोन्ही प्रश्न त्यात येऊन बसतात.

त्यातून आणखी एक गोष्ट हाती आली आणि मला ती या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोठी मिळकत वाटते. प्रवासाची तिणै खरं तर पालै, मुल्लै नव्हे. ताटातूट, ऊन, ओसाड वाट. मग प्रवासाच्या कवितेत मुल्लै कशी चालेल? अय्यांनी 'सिलप्पदिगारम्' या जुन्या तमिळ महाकाव्यातल्या ओळी सांगितल्या. त्यात म्हटलं आहे की मुल्लै आणि कुरिंजि या जमिनी आपला मूळ स्वभाव हरवून सुकल्या, की त्याच पालैचं रूप घेतात. म्हणजे पालैला स्वतःची जमीन नाही. हिरवी जमीन वाळली की ती पालै होते. केसांतला जुईचा सर हेही एक लहानसं मुल्लै आहे. सकाळी कळी, संध्याकाळी फूल, आणि रात्री तिरुनेल्वेलीला उतरेपर्यंत कोमेजून पिवळं. बाहेर लालगुडीची कितीही हिरवी शेतं असोत, पालै डब्याच्या आतच तयार होत असते. कवितेत फूल सुकलेलं मी दाखवलं नाही. दाखवण्याची गरजही नाही, कारण ज्याने सर पाहिला आहे त्याला पुढचं ठाऊक असतं.

आता आवाजाचं सांगते, कारण लहान कवितेत तो अर्धं काम करतो. तमिळ कवितेत ओळींची सुरुवात जुळवतात, त्याला 'मोनै' म्हणतात. आपल्याला यमक शेवटी असतं असं वाटतं, तिथे कान सुरुवातीला लागलेला असतो. मोनैत नुसतं तेच अक्षर चालतं असं नाही, काही स्वर एकमेकांचे नातलग मानतात. इ, ई आणि दोन्ही ए, म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ, हे एका घरचे. 'एरुगैयिल्'मधला ए दीर्घ आहे, 'एन्द'मधला ऱ्हस्व, आणि 'इरुळिल्' इ-ने सुरू होतो. तिन्ही ओळी अशा एका घरातून निघतात. पहिल्या ओळीतलं 'मोट्टु' आणि दुसरीतलं 'मुल्लै' हेही ओ आणि उ यांच्या नात्याने एकमेकांना ओळखतात. आधी मी तिसऱ्या ओळीत 'वेळिये' लिहिलं होतं, म्हणजे 'बाहेर'. अर्थ चालत होता, पण ओळ उपरी वाटत होती. 'इरुळिल्' आल्यावर ती कुटुंबात आली, आणि वर रात्रही झाली. सकाळ, संध्याकाळ, रात्र. तीन ओळींत अख्खा दिवस गेला आणि 'तास' हा शब्द कुठेच लागला नाही.

लांबी कुठून येते, हेही तिथेच कळलं. लांबी दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे. पहिली ओळ संपते तिथे कळी आहे. दुसरी सुरू होते तेव्हा उमलणं होऊन गेलेलं आहे. 'पूत्तदु' हा भूतकाळ आहे, घटना आपल्या हातून निसटली आहे. त्यात 'कोणत्या गावी' हा प्रश्न पडतो म्हणजे गावं पुष्कळ गेली असणार. एकच गाव गेलं असतं, तर प्रश्नच पडला नसता. गावांची नावं लिहिली असती तर प्रवास तेवढ्याच गावांचा झाला असता. या प्रश्नामुळे तो वाचणाऱ्याच्या मनात जितका लांब मावेल तितका होतो.

राहिले ताड. 'पनै' म्हणजे ताड. तमिळनाडूचा राज्यवृक्ष आहे आणि विरुदुनगरच्या पुढे तर त्याचंच राज्य. रात्री गाडीतून बाहेर पाहिलं की बाकी सगळं अंधारात विरघळतं, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताडांची डोकी तेवढी काळी दिसतात. माझ्या वर्गमैत्रिणीला तिथे एकच ताड हवा होता, 'ओरु पनै'. एकटा ताड, एकटा माणूस, असं तिचं म्हणणं. चित्र म्हणून ते सुंदरच आहे. पण एक ताड उभा राहतो. अनेक ताड असले की ते एकामागून एक जातात, आणि ताड जाऊ लागले की गाडी चालू लागते. सबंध कवितेत गाडी जर कुठे असेल तर ती त्या 'गळ्' या अनेकवचनाच्या प्रत्ययात आहे. तो काढला तर गाडी थांबते. म्हणून मी तो सोडला नाही. मराठीत मात्र एक ताड आणि अनेक ताड यांचं रूप एकच, त्यामुळे वर दिलेल्या मराठी ओळीत गाडी थोडी थांबल्यासारखी वाटते. 'अंधारात ताडामागून ताड' असं करून पाहिलं. गाडी चालली, पण आता ती ओळ जरा बोलकी झाली, आणि मला तिचा अबोला हवा होता. दोन्ही तुमच्यापुढे ठेवते.

लहान कवितेची सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे ती कोड्यात जाऊ शकते. ओळखायचं कसं? अय्या कविता तमिळ जाणणाऱ्या पण कवितेशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला देतात. आमच्या सोसायटीचे वॉचमन विरुदुनगरकडचे आहेत. त्यांना दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "बस की गाडी?" मग स्वतःच म्हणाले, "बसमध्ये चढलं की लगेच उतरायचं असतं. हे गाडीचंच आहे." त्यांनी मोनै किंवा तिणै असले शब्द कधी ऐकले नसतील. पण कळी ते फूल एवढा वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं, आणि कवितेला तेवढंच ठाऊक असणारा वाचक पुरतो. उलट एका सुशिक्षित मित्राने मुल्लै म्हणजे कुणा मुलीचं नाव असेल असं समजून वेगळीच गोष्ट लावली. तोही अर्थ निघू शकतो, हे मला मान्य करावं लागलं. तमिळमध्ये मुलीचं नाव मुल्लै असतं. पण मग पहिल्या ओळीतली कळी म्हणजे तीच, आणि एवढ्या लहान कवितेत असा दुसरा पदर सापडला तर तो कापून टाकायचं मला काहीच कारण दिसेना.

शेवटी प्रश्न उरला तो बोलतं कोण याचा. जुन्या संग्रहांत कवितेखाली एक ओळ असते, कोण कुणाला कोणत्या प्रसंगी बोललं ते सांगणारी. अय्यांनी आम्हाला आपापल्या कवितेखाली ती लिहायला लावली, कारण बोलणारा कोण हे कवीलाच ठाऊक नसेल तर शब्द भरकटतात, असं त्यांना वाटतं. माझ्या मनात तो सहप्रवासी होता, समोरच्या बाकावरचा, कुणाचा कुणी नसलेला. त्याने कळी पाहिली, फूल पाहिलं, आणि मग बाहेर पाहिलं. मी 'कण्डोर् कूट्रु' लिहिलं, म्हणजे पाहणाऱ्यांचं बोलणं.

वर्गमैत्रिणीने ते खोडलं नाही, पण मान हलवली. तिचं म्हणणं, हे आईचं बोलणं आहे. पालैच्या जुन्या कवितांत मुलगी निघून गेल्यावर आई घरात बसून बोलते, तशीच ही आहे. कळी आईनेच दिली. गाडी सुटली तेव्हा ती एग्मोरच्या फलाटावरच राहिली. तिने पाहिली ती फक्त कळी. म्हणून तर विचारते, कोणत्या गावी उमलली? सोबत असलेल्याला हा प्रश्न विचारावा लागत नाही, त्याला निदान वास येतो. मी म्हटलं, "मग ताड? ते तर आईला दिसलेच नाहीत." ती म्हणाली, "माझं माहेर कोविलपट्टीचं आहे. माझ्या आईला मी केव्हा कुठे पोहोचले असेन ते घड्याळ न बघता कळायचं. आत्ता अंधार, आत्ता ताड, असं ती घरात बसून म्हणायची."

अय्यांनी दोघींचं ऐकलं आणि निकाल दिला नाही. माझ्या वहीत कवितेखाली अजून 'कण्डोर् कूट्रु' आहे. तिने तीच कविता आपल्या वहीत उतरवून घेतली आहे, आणि तिच्याखाली लिहिलं आहे 'नट्राय् कूट्रु', जन्मदात्या आईचं बोलणं.